भाऊबीजेच्या पुस्तकात काय लिहायचं, कुठल्या पानावर आणि कशानं?

दिवाळीच्या आधीचे दहा-बारा दिवस अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. भाचीसाठी, पुतण्यासाठी, शेजारच्या मुलासाठी पुस्तक निवडून होतं, ते रंगीत कागदात बांधायची वेळ येते आणि कुणीतरी म्हणतं, "अहो, आत काहीतरी लिहा की." मग पेन हातात घेऊन माणूस थांबतो. नेमकं कुठल्या पानावर लिहायचं? 'सप्रेम भेट' एवढंच पुरे का? मूल इंग्रजी माध्यमातलं असेल तर? आणि चुकलं तर पुस्तकच खराब होईल, ही धास्ती असतेच.

इथे एकच प्रसंग धरून हे समजून घेऊ. मामा भाऊबीजेला बहिणीकडे जाणार आहे आणि चौथीतल्या भाचीला कीटकांविषयीचं मराठी पुस्तक देणार आहे. भाचीचं नाव अनघा समजू आणि भाऊबीज २०२५ सालची, म्हणजे २३ ऑक्टोबरची.

आधी पुस्तकाची पानं ओळखू

कव्हर उघडल्यावर लगेच दिसणारं पान प्रत्येक पुस्तकात सारखं नसतं. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत आधी एक दुमडलेला, बहुधा कोरा कागद येतो. त्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याला चिकटवलेला असतो, उरलेला मोकळा असतो. याला एंडपेपर म्हणतात. त्यानंतर ज्या पानावर फक्त पुस्तकाचं नाव छापलेलं असतं ते हाफटायटल. मग पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकाशक अशा तिघांचा उल्लेख असलेलं मुख्य टायटल पान येतं. लेखकानं 'आईस' किंवा 'गुरुजींना' असं जिथे छापलेलं असतं ती अर्पणपत्रिका. ती लेखकाची जागा आहे, तिथे आपण लिहायचं नाही.

बहुतेकांचा हात आपोआप एंडपेपरकडे जातो, कारण तो कोरा असतो. पण ही जागा वाटते तितकी पक्की नाही. एंडपेपर पुस्तकाच्या शिवणीत नसतो, तो कडेला गोंदानं जोडलेला असतो. लहान मुलांच्या हातात पुस्तक खिळखिळं होतं तेव्हा पहिला ताण त्याच जोडावर येतो. पुढे कधी पुन्हा बांधणी करायची ठरली तर बाइंडर जुने एंडपेपर काढून नवे लावतो आणि आपण लिहिलेलं त्यांच्याबरोबर रद्दीत जातं.

हाफटायटलचं तसं नाही. ते छापील पानांपैकीच एक असतं. पुस्तक मोठ्या कागदावर एकदम छापून, घड्या घालून, मग कापून तयार होतं आणि हाफटायटल त्या घडीचाच भाग असतं. बांधणी पुन्हा केली तरी ते पुस्तकातच राहतं. शिवाय त्यावर पुस्तकाचं नाव वरच्या भागात असतं आणि खाली अर्ध्याहून जास्त पान रिकामं असतं. म्हणून साध्या मराठी पुस्तकात लिहायची सर्वात चांगली जागा म्हणजे हाफटायटलचा खालचा भाग. कागदी बांधणीच्या बऱ्याच पुस्तकांत एंडपेपर नसतोच, तिथे कव्हर उघडलं की थेट हे पान येतं.

काही पुस्तकांत हाफटायटलही नसतं. तेव्हा टायटल पानाचा खालचा कोपरा चालतो, पण प्रकाशकाचं नाव आणि बोधचिन्ह यांच्यावर अक्षरं जाऊ देऊ नका. पुस्तकावर लेखकाची सही घ्यायचा बेत असेल तर मात्र टायटल पान मोकळं ठेवा. डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथे लेखक भेटण्याची शक्यता असते आणि लेखक बहुधा त्याच पानावर सही करतात.

मजकुरात काय असलं पाहिजे?

पाच गोष्टी: मुलाचं नाव, हेच पुस्तक का दिलं ते सांगणारी एखाद-दोन वाक्यं, देणाऱ्याचं नातं आणि नाव, सण आणि तारीख, गाव. यातल्या चार गोष्टी सगळे लिहितात. दुसरी बहुतेक वेळा राहून जाते आणि मजकुराचा जीव तर तिच्यातच असतो.

मामाच्या हातून पहिल्यांदा काय उतरेल ते बघू:

*चि. अनघा हिस दीपावलीनिमित्त सप्रेम भेट. खूप वाच, खूप मोठी हो.*

यात चूक काहीच नाही. पण हा मजकूर पुण्यातल्या कुठल्याही मुलीला, कुठल्याही पुस्तकात जसाच्या तसा बसतो. शाळेत बक्षिसाच्या पुस्तकावर चिकटवलेल्या छापील पट्टीसारखा तो दिसतो. शिवाय 'चि.' आणि 'हिस' हे दोन्ही शब्द चौथीतल्या मुलीनं कधी बोलण्यात ऐकलेले नसतात. 'चि.' म्हणजे चिरंजीव हे तिला कुणी सांगितलेलं नसेल तर ती ते नावाचाच भाग समजून 'चि अनघा' असं वाचते. मोठ्यांच्या पत्रात, लग्नपत्रिकेत ही रूपं शोभतात. मुलाशी आपण ज्या नावानं बोलतो, त्याच नावानं लिहावं.

दुसऱ्या प्रयत्नात मामा मन लावून बसतो आणि मजकूर लांबतो. वाचनाचे फायदे येतात, मोबाइल कमी बघण्याचा सल्ला येतो, "आजोबांचा वारसा पुढे चालव" असं येतं. सत्तर-ऐंशी शब्द होतात. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे पान फक्त अनघा वाचणार नाही. पुस्तक शाळेत जाईल, मैत्रिणीच्या घरी जाईल आणि जो ते हातात घेईल तो पहिलं पान उघडेल. "मोबाइल सोड आणि वाचत जा" हे वाक्य मैत्रिणीनं मोठ्यानं वाचलं की अनघाला ते झोंबतं आणि मग ते पुस्तक घरातच राहतं. भेटीच्या पानावर उपदेश, टोमणा, मार्कांचा उल्लेख किंवा घरातलं लाडाचं पण बाहेर लाजवणारं नाव नको, ते याच कारणानं. पत्ता, फोन नंबर आणि शाळेचं नावही नको, कारण पुस्तक कुणाच्या हातात पडेल ते आपल्याला ठाऊक नसतं.

आता मामानं स्वतःला एवढंच विचारायचं: हे पुस्तक दुकानात बघताना मला अनघाच का आठवली? उत्तर साधं निघतं. सुट्टीत तळजाईच्या टेकडीवर गेले असताना ती मुंगळ्यांच्या रांगेमागे चालत राहिली होती. तेवढं पुरेसं आहे:

*अनघा,*
*तळजाईच्या टेकडीवर तू मुंगळ्यांच्या रांगेमागे थेट त्यांच्या बिळापर्यंत गेली होतीस. आत काय असतं, असं विचारलंस. मला सांगता आलं नाही. पान ४२ बघ.*
*तुझा विनूमामा*
*भाऊबीज, २३ ऑक्टोबर २०२५, पुणे*

मुख्य मजकूर वीस-पंचवीस शब्दांचा आहे. त्यात कौतुकाचा एकही शब्द नाही, तरी मामानं आपल्याकडे नीट लक्ष दिलं होतं हे तिला कळतं. शेवटच्या तीन शब्दांनी आणखी एक काम होतं. पहिलं पान वाचून पुस्तक मिटण्याऐवजी ती सरळ पुस्तकात शिरते. अर्थात त्यासाठी मामानं ते पान आधी स्वतः उघडून पाहिलेलं असलं पाहिजे. पान चुकलं तर सगळंच फसतं, आणि पुस्तकाची आवृत्ती बदलली तर पान क्रमांकही बदलतात, म्हणून जी प्रत द्यायची तीच तपासा.

अशी आठवण हाताशी नसेल, म्हणजे मूल तेवढं ओळखीचं नसेल, तर बळेच रचू नका. मुलांना खोटं लगेच कळतं. अशा वेळी पुस्तकातली आपल्याला आवडलेली एक जागा सांगा: "मला यातली कोळ्याच्या जाळ्याची गोष्ट सर्वात आवडली. तुला कुठली आवडते ते संक्रांतीला भेटलो की सांग." हेही त्या मुलाशी बोलणंच आहे.

तारीख नीट लिहिणं एवढं महत्त्वाचं का?

कारण दहा वर्षांनी पुस्तक उघडलं की आठवणीतून सगळ्यात आधी वर्ष गेलेलं असतं. नुसतं 'दिवाळी' लिहिलं तर कुठली दिवाळी ते कळत नाही. 'पाडवा' लिहिलं तर घोटाळा आणखी वाढतो, कारण गुढीपाडवा चैत्रातला आणि दिवाळीचा पाडवा कार्तिकातला. त्यामुळे सणाचं नाव पूर्ण आणि वर्ष चार आकडी लिहावं. २३/१०/२५ असं आखडून लिहिलेलं पुढे वाचायला अवघड जातं.

तिथीही लिहायची हौस असेल तर जरूर लिहा. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. शक काढायचा सोपा हिशेब असा: गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इंग्रजी वर्षातून ७८ वजा करायचे आणि जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. म्हणजे ऑक्टोबर २०२५ ला शके १९४७, आणि २०२६ च्या संक्रांतीलाही शके १९४७ च, कारण नवा शक अजून लागलेला नसतो. संक्रांतीच्या भेटीवर हीच चूक जास्त होते.

पेन कुठलं?

आधी कागद बघा. कथांची, माहितीची मराठी पुस्तकं बहुधा मॅपलिथो नावाच्या साध्या, लेप नसलेल्या कागदावर छापतात. तो शाई आत ओढून घेतो. रंगीत चित्रांची पुस्तकं मात्र अनेकदा चकचकीत आर्ट पेपरवर असतात. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा बारीक लेप दिलेला असतो, त्यामुळे चित्र उठून दिसतं, पण आपल्या पेनाची शाई आत जायला जागा मिळत नाही. जेल पेननं तिथे लिहिलं तर शाई अळवावरच्या पाण्यासारखी वरच राहते. वाळली असं समजून कव्हर मिटलं की समोरच्या बाजूवर मजकुराची उलटी छाप उमटते.

साध्या कागदाचा त्रास वेगळा आहे. शाईच्या पेनातली पातळ शाई धाग्यांतून पसरते, अक्षरांच्या कडा केसाळ दिसतात आणि पानामागे निळसर डाग उमटतात. शिवाय धुतली की जाते अशी निळी शाई पाण्यानं वाहते. पुस्तक दप्तरात जाणार, दप्तरात पाण्याची बाटली असणार आणि ती एखाद्या दिवशी गळणारच. मार्कर तर थेट पुढच्या पानापर्यंत झिरपतो. चमकीच्या पेनाची चमकी नंतर झडते आणि सगळ्या पुस्तकात पसरते.

मॅपलिथोसाठी साधं बॉलपेनच सर्वात भरवशाचं. त्याची शाई तेलाच्या जातीची असते, पसरत नाही आणि पाण्यानं वाहत नाही. तिची एकच खोड आहे. पेन दाबून चालवावं लागतं, त्यामुळे अक्षरांचे वळ खालच्या टायटल पानावर उमटतात. उपाय सोपा आहे: लिहिताना पानाखाली जुनी लग्नपत्रिका किंवा तसलाच जाड कागद सरकवा.

आर्ट पेपरसाठी आधी चाचणी घ्या. शेवटच्या पानाच्या आतल्या कोपऱ्यात पेनाचा बारीक ठिपका द्या, पाच मिनिटं थांबा आणि बोट फिरवा. ठिपका ओढला गेला नाही तर ते पेन चालेल. ओढला गेला तर पानावर लिहूच नका, वेगळ्या कागदावर लिहून तो चिकटवा. ते कसं करायचं ते पुढे येतंच.

दिवाळीत आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवं, ती म्हणजे हात. चकली किंवा शंकरपाळे खाऊन तसंच पान धरलं की तेलाचा डाग पडतो, तो कागद अर्धपारदर्शक करतो आणि त्या जागी बॉलपेन उमटतच नाही, अक्षर मध्येच तुटतं. हात साबणानं धुऊन, कोरडे करूनच बसा.

प्रत्यक्ष लिहिताना

मराठी पुस्तकांचा नेहमीचा आकार डेमी, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. सेंटिमीटरमध्ये सुमारे १४ बाय २१.५. बांधणीकडची ३ सेंटिमीटर जागा सोडा, तिथे पान वळतं आणि हात अडखळतो. बाहेरच्या कडेला २ सोडा. ९ सेंटिमीटरची ओळ मिळते. चौथीतल्या मुलीसाठी अक्षराची उंची ५ ते ६ मिलिमीटर ठेवली की एका ओळीत चार ते पाच शब्द बसतात. पंचवीस शब्दांच्या सहा ओळी होतात. दोन ओळींत १२ मिलिमीटर अंतर लागतं, कारण देवनागरीत वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार असतात, ते एकमेकांत अडकले की मुलाला वाचता येत नाही. म्हणजे मजकुराला सात-साडेसात सेंटिमीटर आणि नाव-तारखेला आणखी अडीच. हाफटायटलच्या खालच्या अर्ध्यात हे आरामात मावतं. आधी त्याच मापाच्या कोऱ्या कागदावर एकदा लिहून बघा, ओळी कुठे तुटतात ते लगेच कळतं.

नवं पुस्तक सपाट व्हावं म्हणून हातानं दाबू नका. कागदी बांधणीत पानं पाठीला नुसत्या गोंदानं धरलेली असतात, दाब पडला की गोंदाला तडा जातो आणि पुढे तिथूनच पानं सुटतात. त्याऐवजी उघडलेल्या कव्हरखाली तेवढ्याच जाडीचं दुसरं पुस्तक ठेवा. कव्हर वर उचललेलं राहतं आणि मनगटालाही आधार मिळतो.

अक्षर सुंदर नसलं तरी हरकत नाही, पण ते फुटकं नको. घाईत लिहिलेला 'ख' मुलं 'रव' वाचतात. शिरोरेषा न देता भराभर लिहिणाऱ्यांच्या हातून 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' एकमेकांसारखे होतात. आपल्या उदाहरणात तर नावातच घ आहे, आणि स्वतःचं नाव 'अनधा' असं वाचायला लागणं कुठल्याच मुलीला आवडणार नाही. निदान नावावर तरी शिरोरेषा द्या. लिहून झाल्यावर पाचएक मिनिटं पुस्तक उघडंच ठेवा.

"मूल इंग्रजी माध्यमात आहे, मराठी अडखळत वाचतं"

पुण्यात हा प्रश्न घरोघरी आहे. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला, तेव्हा अक्षरओळख असते, सराव मात्र कमी असतो. अशा मुलासाठी मजकूर मराठीतच लिहा, पण लहान वाक्यं करा आणि जोडाक्षरं कमी वापरा. 'दीपावलीनिमित्त'पेक्षा 'दिवाळीची भेट' सोपं. अंक मात्र ते मूल ज्या रूपात वाचतं त्याच रूपात लिहा. त्याला मराठी ४ आणि ५ नीट ओळखता येत नसतील तर पान क्रमांकाची सगळी गंमत जाते.

वाचताच न येणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलासाठी एकच वाक्य लिहावं, कारण ते आई किंवा आजी वाचून दाखवणार असते. त्याखाली दोन बोटं जागा मोकळी ठेवा, म्हणजे पुढे मूल स्वतःचं नाव पेन्सिलीनं तिथे लिहू शकेल. पेन्सिलीचं अक्षर प्रकाशानं उडत नाही आणि पाण्यानं वाहतही नाही, खोडलं नाही तर वर्षानुवर्षं टिकतं.

"आणि पुस्तक तिच्याकडे आधीच असलं तर?"

आत लिहिलेलं पुस्तक दुकानदार बदलून देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. बहिणीला आधी फोन करून विचारणं उत्तम. ते जमलं नाही तर पुस्तक कोरंच न्या आणि ओवाळणी झाल्यावर, पुस्तक अनघाकडे नाही याची खात्री करून, तिच्यासमोर बसून लिहा. मजकूर मात्र घरूनच कागदावर तयार करून न्या, कारण गप्पा आणि फराळाच्या गडबडीत ऐन वेळी सुचतं ते पुन्हा 'सप्रेम भेट'च.

दुसरा मार्ग चिठ्ठीचा. १० बाय ७ सेंटिमीटरचा जाडसर साधा कागद कापा, त्यावर लिहा आणि पुस्तकात नुसता ठेवून द्या. पुस्तक तिच्याकडेच राहणार हे ठरल्यावर तो हाफटायटलवर लावा. चकचकीत कागदाच्या पुस्तकांनाही हाच उपाय. गोंद फक्त वरच्या कडेला, अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्टीत आणि कांडीचाच लावा. पातळ गोंद पूर्ण पाठीला लावला तर कागद ओल धरून फुगतो आणि वाळताना पानाला सुरकुत्या पडतात. सेलोटेप तर नकोच. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटून येते आणि चिकट तपकिरी पट्टा मागे ठेवते.

"लिहिताना चुकलं तर?"

व्हाइटनर लावू नका. त्याचा थर पान वळताना तडकतो आणि नीट वाळला नसेल तर समोरच्या पानाला चिकटून ते फाडतो. ब्लेडनं खरवडलं तर कागदाचे धागे उभे राहतात आणि त्यावर पुन्हा लिहिलेली शाई फुटते. एखादा शब्द चुकला असेल तर त्यावर एक सरळ रेघ मारा आणि पुढे बरोबर शब्द लिहा, मुलं वहीत रोज हेच करतात. मुलाचं नावच चुकलं असेल तर मात्र रेघ मारू नका, वर सांगितलेली चिठ्ठी त्या जागेवर लावा. तेव्हा ती नेहमीपेक्षा थोडी मोठी कापा आणि चारही कडांना कांडीचा गोंद लावा, नाहीतर अनघा पहिल्याच दिवशी ती उचलून खाली काय आहे ते बघेल.